मामंजींच्या नावाची व्हीपी

आमच्या गल्लीत पोस्टमन हाक मारत नसे, बोंबलत असे. त्याचा दोष नव्हता. दोन्ही बाजूंना लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने, दिवसपाळी-रातपाळी खडखडाट, त्यात नुसतं 'पोस्टमन' म्हटलेलं कोणाच्या कानावर जाणार? मग तो दारात उभा राहून पाकिटावरचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं छाती फुगवून ओरडायचा आणि कोणाकडे काय आलं ते अख्ख्या गल्लीला कळायचं. मी खारबावची, शांत गावात वाढलेली. लग्न होऊन भिवंडीत आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, ही सगळी माणसं एकमेकांशी भांडतायत. नंतर मीही तशीच बोलायला लागले. माहेरी गेले की वडील म्हणायचे, "हळू बोल गं, आम्ही बहिरे न्हाय."

माझ्या सासऱ्यांचे सहा लूम होते. सहा लूम म्हणजे काही शेठपणा नव्हे. मालक तेच, मुकादम तेच, आणि कामगार आला नाही तर लूमवर उभे राहणारेही तेच. शटल, पिकर, पट्टे असले सुटे भाग बरेचदा बाहेरगावाहून व्हीपीनं यायचे. हल्लीच्या पोरांना व्हीपी म्हणजे काय ते समजावून सांगावं लागतं, म्हणून सांगते. माल पाठवणारा पार्सलवर किंमत लिहितो. पोस्टमन ते दारात आणतो, किंमत घेतो, वर मनीऑर्डरचं कमिशन घेतो आणि मगच पार्सल हातात देतो. ते पैसे पोस्ट मनीऑर्डरनं पाठवणाऱ्याला पोचवतं. आधी पैसे, मग दोरा तोडायचा. उघडून बघतो आणि मग ठरवतो, हे चालत नाही.

आता लूमवाल्यांची पद्धत अशी की मागणी कधी पोस्टकार्डावर जायची, कधी गल्लीत फिरणाऱ्या एजंटाला तोंडी सांगितली जायची. कोणी सांगितलं, काय सांगितलं, किती सांगितलं, याचा पत्ता महिनाभरानं कोणाला असणार? व्हीपी आली की आधी पैसे द्यायचे, मग पार्सल फोडायचं, आणि मग आठवायचं की आपण हे का मागवलं होतं. परत पाठवायची सोय नव्हती. "व्हीपी परत गेली म्हंजे नाव गेलं," असं सासरे म्हणायचे, आणि गल्लीतल्या प्रत्येक लूमवाल्याचं हेच मत होतं. एकदा पिकरच्या जागी चुकून दुसऱ्याच कोणाची बटणं आली, सहा डझन. ती पण त्यांनी घेतली. माझ्या पोरांच्या चड्ड्यांना पुढं कितीतरी वर्षं तीच बटणं लागत होती.

असे हे सासरे एका पावसाळ्यात गेले. सकाळी तुटलेला धागा सांधायला लूमवर वाकले, ते उठलेच नाहीत. दिवसपाळीच्या कामगाराला वाटलं, शेठ नीट बघतायत. लूम चालूच होता.

सासूबाई रडल्या, पण थोड्याच. नंतर त्यांनी घर हातात घेतलं, शेड माझ्या नवऱ्यावर सोपवली आणि हिशेबाची वही मी दहावी पास म्हणून माझ्याकडे दिली. घर पुन्हा चालायला लागलं. फक्त एक झालं, सासऱ्यांचं नाव घरातून गेलं. मी 'मामंजी' म्हणायची, नवरा 'बाबा' म्हणायचा, आणि सासूबाईंनी तर चाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव तोंडातून काढलंच नव्हतं. 'पोरांचा बापूस' एवढंच. जो माणूस बाहेर नावासाठी इतका मरायचा, त्याचं नाव घ्यायला घरात कोणी उरलं नाही. मला तेव्हा हे सुचलंही नव्हतं, खोटं कशाला बोलू?

दोनेक महिन्यांनी, दुपारी, मी भांडी घासत असताना दारात आरोळी उठली. सासऱ्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव. माझ्या हातातली कढई मोरीत पडली. बाहेर येऊन बघते तर नवीन पोस्टमन, कोवळा, घामाघूम. जुना बदलून गेलेला. याला बिचाऱ्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"व्हीपी आहे," तो म्हणाला. "शेठना बोलवा. पंच्याण्णव रुपये आणि कमिशन."

मी तोंड उघडणार तोच सासूबाई मागून आल्या. एरवी दहा रुपये काढताना त्यांचा हात कमरेच्या पिशवीत पाच मिनिटं फिरायचा. त्या दिवशी त्यांनी आत जाऊन डबा आणला, शंभराची नोट दिली, वरचे सुटे दिले आणि डिलिव्हरीच्या कागदावर अंगठा टेकवला.

"आई, काय मागवलं होतं मामंजींनी?" मी विचारलं.

"मना काय ठावा? मागवलं असल कायतरी. जायच्या आधी."

पार्सल हलकं होतं. पिकर नव्हे, पट्टा तर नव्हेच. आत कापूस, कापसात डबी, डबीत बायकांचं मनगटी घड्याळ. सोनेरी रंग, लाल पट्टा, काटे दहा वाजून दहा मिनिटांवर.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्या घड्याळाकडे बघत होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात सासऱ्यांनी बायकोसाठी स्वतःच्या मनानं काही आणलं असेल तर मला ते माहीत नाही. लुगडी दिवाळीला यायची, ती सासूबाईच बाजारातून आणायच्या. एकदा म्हणे सासऱ्यांनी बायकोसाठी चपला आणल्या, त्या दोन्ही डाव्या पायाच्या होत्या.

"मनगटावर बांध," त्या मला म्हणाल्या आणि हात पुढं केला. बांगड्या काढल्यापासून तो हात मोकळाच होता.

घड्याळ चालत नव्हतं. चावी फिरवली तर नुसती गरगर फिरायची, काटे जागचे हलायचे नाहीत. पण सासूबाईंना घड्याळ वाचता कुठं येत होतं? सकाळी नळाला पाणी आलं की त्या उठायच्या, पाळी सुटली की जेवायला वाढायच्या. त्यांचं सगळं वेळच्या वेळी होत होतं. त्या ते घड्याळ बांधून बाजारात गेल्या, मच्छीवालीशी घासाघीस करताना मुद्दाम तोच हात पुढं केला, आणि कोणी विचारलं की सांगायच्या, "पोरांच्या बापसानं मागवलं व्हतं. जायच्या आधी."

मी हे घड्याळ गुपचूप घड्याळजीकडे नेलं, त्या आंघोळीला गेल्यावर. त्यानं मागचं झाकण काढलं आणि माझ्यासमोर धरलं. आत काहीच नव्हतं. चाक नाही, स्प्रिंग नाही. पुठ्ठ्याचा एक गोल तुकडा तेवढा होता, काटे सैल पडू नयेत म्हणून.

"बाई, हे खेळणं आहे," तो म्हणाला. "बाजारात सात-आठ रुपयांना मिळतं."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. माझा नवरा स्वभावानं इतका गरीब की लूम दुरुस्त करणारा मास्तर शिव्या द्यायचा आणि हा त्यालाच चहा पाजायचा. तो म्हणाला, "जाऊ दे ना. आईला बरं वाटतंय. शंभर रुपयांत माणूस खूश होत असेल तर वाईट काय?" मी म्हटलं, वाईट काही नाही, पण ते शंभर रुपये सूत विकणाऱ्याला द्यायचे होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा आरोळी. पुन्हा सासऱ्यांचं सगळं नाव, पुन्हा दुपार. या वेळी एकशेवीस. सासूबाई माझ्या आधी दारात. मी म्हटलं, "आई, जरा थांबा." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी थांबले.

आत साडी. म्हणजे डब्यावर साडीचं चित्र होतं. बाहेर निघालं ते तीन मीटर पातळ कापड, गुलाबी रंग दिलेलं. साडी नव्हेच, धड परकरही झाला नसता. सासूबाईंनी कपडा दोन बोटांत धरला, अंगठ्यानं चोळला, उजेडात नेऊन त्याची वीण बघितली. लूमवाल्याची बायको ती, कपड्याची परीक्षा डोळे मिटून करायची.

"ह्यो तर आपल्याच गावचा कपडा," त्या म्हणाल्या. "कोरा. वरून रंग दिलाय, तो पण उतरनारा."

बोटं गुलाबी झाली होती. भिवंडीचा कपडा बाहेर जाऊन, गुलाबी होऊन, चौपट भावानं टपालानं परत भिवंडीत! मला राग यावा की हसू यावं हेच कळेना. मी म्हटलं, "मग आई, सहा लूम चालवणारा माणूस बाहेरून असा कपडा मागवील?"

"त्याला बायकांच्या कपड्यातला काय कळताय?" असं म्हणून त्यांनी ते तीन मीटर घडी घालून ट्रंकेत ठेवलं.

झालं. मी दुसऱ्या दिवशी पोस्टात गेले. वही मी लिहीत होते ना, मग नुकसान मलाच दिसत होतं. शिवाय खरं सांगते, पैशांइतकाच मला त्या घड्याळाचा राग होता. कोणी परका बसल्या जागी माझ्या सासूला मूर्ख बनवत होता.

पोस्टमास्तर पन्नाशीचे, चष्मा कपाळावर. मी पार्सलवरचा कागद समोर ठेवला. पाठवणाऱ्याच्या जागी कुठल्याशा लांबच्या शहरातला पोस्ट बॉक्स नंबर, बस्स. त्यांनी वाचला आणि मान हलवली.

"ही तिसरी तक्रार आहे तुमच्या बाजूची. तुम्ही काही मागवलं होतं?"

"ज्यांच्या नावावर आलं ते मागवायला जिवंत नाहीत."

"मग घेतलं कशाला?"

त्यांनी मला नीट समजावलं, आणि त्या माणसाचे उपकार मी अजून मानते. व्हीपी पाठवणाऱ्याला पोस्टात लिहून द्यावं लागतं की माल खरोखर मागवला गेलाय. हा खोटं लिहून देतो, कारण विचारायला कोण येतंय? पोस्ट पार्सल फोडून बघत नाही आणि आतल्या मालाची हमीही देत नाही. तुम्ही पैसे दिलेत की ते मनीऑर्डरनं त्याच्याकडे निघाले. लगेच लेखी तक्रार केलीत तर चौकशी होईपर्यंत पैसे अडवता येतात, पण घड्याळाचे पैसे केव्हाच पोचलेत, आता ते परत मिळणं कठीण. साडीची तक्रार आजच लिहून द्या, बघू.

"आणि घेतलं नाही तर?" मी विचारलं.

"तर काहीच नाही. पोस्टमन शेरा मारतो, पार्सल त्याच्याकडे परत जातं. पाठवायचा खर्च त्याचा फुकट गेला, तुमचा एक पैसा नाही. उद्या त्यानं वकिलाची नोटीस पाठवतो म्हणून पत्र लिहिलं तरी घाबरू नका. न मागवलेल्या वस्तूचे पैसे देणं तुम्ही लागत नाही. आणि खात्री नसेल तर पोस्टात ठेवायला सांगा, सात दिवस राहतं. तेवढ्यात घरात विचारा, कोणी मागवलंय का. कोणीच नाही म्हणालं तर नको म्हणा."

"पण त्यांना आमच्या मामंजींचं नाव मिळालं कुठून?"

मास्तर हसले. "तुमच्या गल्लीतले लूमवाले व्हीपी कधी परत पाठवत नाहीत, हे आम्हाला ठाऊक आहे, मग त्यांना ठाऊक असायला काय झालं? अशा पत्त्यांच्या याद्या विकल्या जातात, बाई. पहिल्या पार्सलचे पैसे दिलेत, तर तुम्ही देणारे आहात हे त्याला कळलं. म्हणून दुसरं आलं. तिसरंही येईल."

म्हणजे जन्मभर जे नाव जपलं, त्याचाच हा प्रसाद! मी तक्रार लिहून दिली आणि घरी आले. वाटेत ठरवलं होतं, आल्या आल्या सासूबाईंना सगळं सांगायचं. आले तर त्या उंबऱ्यात बसून गहू निवडत होत्या, मनगटावर ते दहा वाजून दहा. मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "आई, चहा टाकू?"

सांगणार कसं? घड्याळ खोटं आहे असं सांगितलं की मामंजींनी ते मागवलंच नव्हतं हेही सांगावं लागणार होतं. चाळीस वर्षांत एकदा नवऱ्यानं आठवण ठेवली असं त्या बाईला वाटत होतं, आणि तेही मीच जाऊन काढून घेऊ? मी तोंडाची इतकी फटकळ, भल्याभल्यांना गप्प करणारी, पण महिनाभर माझी दातखीळ बसली. पोस्टमनला मात्र मी गाठून सांगितलं, पुढची आली की आधी मला हाक मार. तो म्हणाला, "मी नाव वाचतो ताई. ज्याचं नाव त्यालाच हाक."

शेवटी हे काम समोरच्या चाचांनी केलं, म्हणजे त्यांच्यावर आलं. चाचा कोकणी मुसलमान, पंधरा लूमचे मालक, सासऱ्यांचे जिगरी दोस्त. दाढी पांढरी, पाच वक्ताचे नमाजी, गल्लीत त्यांच्याइतका सरळ माणूस नव्हता. ते एके दिवशी आमच्या मागच्या दारानं आत शिरले. पुढचं दार सोडून मागच्या दारानं! मी चपापलेच.

"बेटी," ते हळूच म्हणाले, म्हणजे लूमच्या आवाजात जितकं हळू म्हणता येईल तितकं, "तुझ्या सासूच्या हातावर ते घड्याळ आहे ना, ते कुठून आलं?"

"व्हीपीनं."

त्यांनी दोन्ही हात वर केले. "अल्ला का शुकर! चल, लवकर चल, माझ्या घरी येऊन एवढंच बोल."

झालं होतं असं. चाचांनाही तीच व्हीपी आली होती, आमच्याकडे आली त्याच्या आसपासच. शेड बघणाऱ्या भाच्यानं काही मागवलं असेल म्हणून त्यांनी शेडवरच पैसे देऊन घेतली. फोडली तर आत लेडीज घड्याळ. आता हे घरी न्यावं तर चाची विचारणार, न न्यावं तर कोणाला द्यावं? परत पाठवायची वेळ निघून गेलेली. म्हणून त्यांनी ते शेडमध्ये बॉबिनच्या पेटीखाली दडवलं. तीन दिवसांपूर्वी चाची शेडवर डबा घेऊन गेली, बसायला पेटी सरकवली, आणि खाली लाल पट्ट्याचं घड्याळ.

"तीन दिवस झाले, घरात चूल नाही," चाचा म्हणाले. "हॉटेलचं खातोय. या वयात! म्हणते, कोण आहे ती, तिचं नाव सांग. बेटी, मी नाव कुठून आणू?"

मला इतकं हसू आलं की मी पदर तोंडात कोंबला. पण हसू ओसरायच्या आत पुढच्या दारातून चाचीच शिरली, चाचांच्या मागावर. ठेंगणी, गोरी, बोलायला लागली की लूम बंद पडावेत अशी. हातात ते घड्याळ.

"इथं लपलाय! चोरावानी मागच्या दारानं! सांग भाभी, तूच सांग, असलं घड्याळ कोणासाठी—"

आणि तिचं लक्ष सासूबाईंच्या हाताकडे गेलं. सासूबाई पाटावर बसून मच्छी साफ करत होत्या. चाचीनं आपलं घड्याळ त्यांच्या मनगटाजवळ नेलं. तोच पट्टा, तोच रंग, दोन्हींकडे दहा वाजून दहा. क्षणभर चाचीच्या डोळ्यांत काय काय येऊन गेलं ते मी बघितलं. मी घाईनं मध्ये पडले.

"चाची, व्हीपीनं आलंय! सगळ्या लूमवाल्यांना आलंय. आत नुसता पुठ्ठा आहे. फसवणूक आहे, पोस्टमास्तर स्वतः म्हणाले. कोणीच मागवलेलं नाही!"

एका दमात बोलले. चाची मटकन खाली बसली आणि हसायला लागली. चाचांच्या दाढीला हात लावून म्हणाली, "या अल्ला, मी तीन दिवस उपाशी राहिले या पुठ्ठ्यासाठी?" चाचा म्हणाले, "तू उपाशी? उपाशी मी होतो." दोघं भांडत, हसत घरी गेले. संध्याकाळी त्यांच्याकडून खिमा आला.

आणि मी तिथंच उभी होते. जे महिनाभर गिळून ठेवलं ते मी चाचांच्या चुलीसाठी एका झटक्यात ओकून टाकलं होतं. 'कोणीच मागवलेलं नाही.' सासूबाईंनी हातातला बोंबील साफ करून ताटात ठेवला, मग दुसरा घेतला. वर बघितलं नाही.

"आई," मी म्हटलं, "मी आधीच सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

"बस खाली."

मी बसले.

"तुला काय वाटला बाय, मना ठावा न्हवता? त्या मानसानं मना डाव्या पायाच्या दोन चपला आनल्या. तो घड्याल मागवील? आनि ह्यो कपडा? त्यानं असा कपडा हातात पन धरला नसता." त्यांनी पुढचा बोंबील उचलला. "पयल्याच दिशी ठावा व्हता."

"मग पैसे का दिलेत?"

सासूबाईंनी सुरी खाली ठेवली. "तो पोस्टमन दारात येतो आनि त्याचा नाव घेतो. पुरता नाव. इतक्या मोठ्यानं. घरात कोन घेतो सांग त्याचा नाव? मी घेऊ शकत न्हाय, तुमी घेत न्हाय. आनि ह्यो असा बोंबलतो, जसा तो आत जेवायलाच बसलाय. मग त्याला न्हाय कसा म्हनू? पार्सल न्हाय घेतला तर परत कशाला येल तो?"

मी फटकळ बाई तिथं बसून रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "गप आता. हात धू आनि कांदा काप." त्यांनी घड्याळ सोडलं आणि माझ्या धाकटीला खेळायला दिलं. संध्याकाळपर्यंत तिनं त्याचे दोन्ही काटे तोडले.

मास्तर म्हणाले होते तसं तिसरं पार्सल आलंच. साडीचे पैसे अडले होते, चौकशी चालू होती, पण त्या लबाडाला त्याचं काय? तो शुक्रवार होता, लूमची सुट्टी. गल्ली चिडीचूप. पोस्टमनला सवयच लागलेली, तो त्या शांततेतही तसाच ओरडला. सासऱ्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, आडनाव. समोरच्या माडीवर चाचा बाहेर आले, चाची आली, आजूबाजूच्या दारांत माणसं आली.

मी दाराकडे धावले, पण सासूबाई आधीच तिथं उभ्या होत्या. हातात डबा नव्हता.

"एकशेपन्नास, मावशी, आणि कमिशन."

"न्हाय घ्यायचा," सासूबाई म्हणाल्या.

पोस्टमन गोंधळला. आमच्या गल्लीत हे वाक्य त्यानं पहिल्यांदाच ऐकलं असणार. मग त्यानं माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "ताई, ते पोस्टात कळलं मला. शेठ वारलेत ना? मला ठाऊक नव्हतं हो. मग मी 'घेणारा मयत' असा शेरा मारतो, म्हणजे पुन्हा येणारच नाही." पोराचा चेहरा पडला होता.

"मयत लिवू नको," सासूबाई म्हणाल्या.

"पण मावशी, ते आता—"

"लिवू नको सांगतंय ना! त्या चोराला कशाला सांगतोस आमचा मानूस मेला म्हनून? न घेतलेल्याचा काय लिवतात ते लिव."

पोस्टमननं पार्सल गुडघ्यावर ठेवलं, पेन काढलं, इंग्रजीत एक शब्द लिहिला, तारीख टाकली, सही केली. मी वाकून बघितलं. बरोबर लिहिलं होतं.

"काय लिवला?" सासूबाईंनी विचारलं.

"नाकारलं, म्हणून लिहिलंय."

"कोनी नाकारला?"

पोस्टमननं पार्सल उलटं केलं आणि पत्त्यावरचं नाव वाचलं. ओरडून नाही, सरळ आवाजात, बापाच्या नावासकट, आडनावासकट. "त्यांनी," तो म्हणाला.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला, आणि त्याच पदराआडून त्या हसल्या.

"जल्मात पयल्यांदा," त्या म्हणाल्या, "शानपना केला पोरांच्या बापसानं."